थेट प्रक्षेपणातील चॅट-संदेश : दुसऱ्याच्या मुखासाठी लिहिलेले वाक्य

गोषवारा

आंतरजालावरील थेट प्रक्षेपण पाहताना प्रेक्षक चॅटच्या चौकटीत लहान लहान संदेश लिहितात. त्यांपैकी काही निवडक संदेश सादरकर्ता मोठ्याने वाचतो व त्यांना उत्तर देतो. कोणता संदेश वाचला जातो आणि कोणता वाहून जातो, हा केवळ योगायोगाचा भाग नाही. प्रक्षेपणातील विलंब, पडद्यावरील संदेशाचे आयुष्य आणि वाक्याची उच्चारसुलभता या तीन गोष्टी त्यामागे असतात. यूट्यूबवरील मध्यम आकाराच्या मराठी प्रक्षेपणाचे एक कल्पित पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊन या तिन्हींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : थेट प्रक्षेपण, चॅट, विलंब, दर्शक सर्वनाम, संबोधन, उच्चारसुलभता

1. प्रस्तावना

श्रोत्याचे नाव निवेदकाच्या तोंडून ऐकू येणे, हा अनुभव भारतीय श्रोत्यांना नवा नाही. 1957 साली सुरू झालेल्या विविध भारतीच्या फर्माइशी कार्यक्रमांत गाण्याच्या आधी श्रोत्यांची नावे व गावे वाचली जात. झुमरी तलैया हे गाव तर केवळ तेथून येणाऱ्या पत्रांमुळे देशभर माहीत झाले. त्या व्यवस्थेत पत्र पोहोचण्यास अनेक दिवस लागत. निवेदक ते आधी वाचून पाही, निवड करी आणि मग ध्वनिक्षेपकासमोर बसे.

थेट प्रक्षेपणातील चॅटमध्ये हे सर्व टप्पे काही क्षणांत एकवटले आहेत. सादरकर्त्याचे हात कामात असतात, तोंडाने निवेदन सुरू असते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तो सरकणारे संदेश पाहत असतो. निवड आणि वाचन एकाच वेळी घडते. त्यामुळे आत्मीयतेने लिहिलेले कित्येक संदेश वाचले जात नाहीत. ते लिहिणाऱ्यास आपली उपेक्षा झाली असे वाटते. पुष्कळदा ती उपेक्षा नसून वेळेचे साधे गणित असते. 2020 च्या टाळेबंदीत महाविद्यालयीन अध्यापकांनीही यूट्यूबवरून थेट व्याख्याने दिली. त्यांपैकी अनेकांनी हा अनुभव पडद्याच्या दुसऱ्या बाजूने घेतला आहे.

2. संदेशाचे स्वरूप : संपर्क आणि प्रतिसाद

मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी 1923 साली, माहिती देण्यासाठी नव्हे तर केवळ संबंध जोडण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे लक्ष वेधले. 'काय, बरे आहे ना?' हा प्रश्न आरोग्याची चौकशी करण्यासाठी क्वचितच विचारला जातो. चॅटमधील 'नमस्कार ताई' किंवा 'शुभ संध्याकाळ सर' हे संदेश याच जातीचे होत. प्रक्षेपणाच्या पहिल्या काही मिनिटांत, प्रेक्षक थोडे असताना, सादरकर्ता असे संदेश नावानिशी वाचतो. त्या वेळी त्यालाही 'माझा आवाज पोहोचतो आहे' या खात्रीची गरज असते. गर्दी वाढल्यावर मात्र नुसत्या नमस्कारास उत्तर देणे त्याला शक्य होत नाही.

हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 साली दूरचित्रवाणीच्या निवेदकाशी प्रेक्षकाचे जडणारे एकतर्फी नाते वर्णिले. प्रेक्षकाला निवेदक ओळखीचा वाटतो. निवेदकाला मात्र प्रेक्षक ठाऊक नसतो. चॅटमधील संदेश मोठ्याने वाचला जातो तेव्हा हे एकतर्फी नाते काही क्षणांपुरते दुतर्फी होते. संदेश वाचला जावा ही इच्छा त्यामुळे पोरकट ठरत नाही. तो संवादाचा स्वाभाविक आग्रह आहे. मात्र त्यासाठी संदेशाने सादरकर्त्याच्या हाती काहीतरी द्यावे लागते. एक सोपा प्रश्न किंवा पूर्वी सांगितलेल्या गोष्टीचा आलेला अनुभव, एवढे पुरेसे असते. ते मिळाले की सादरकर्ता त्याला धरून पुढे बोलू शकतो.

3. विलंब आणि दर्शक सर्वनामे

प्रेक्षक जे पाहतो ते थोड्या वेळापूर्वीचे असते. यूट्यूबवर सादरकर्त्यास सामान्य, अल्प व अत्यल्प अशा तीन प्रकारच्या विलंबांतून निवड करता येते. अल्प विलंबात बहुतेक प्रेक्षकांपर्यंत चित्र दहा सेकंदांच्या आत, तर अत्यल्प विलंबात पाच सेकंदांच्या आत पोहोचते, असे कंपनी सांगते. सामान्य प्रकारात हा काळ आणखी वाढतो. चित्र उशिरा पोहोचत असले तरी लिहिलेला संदेश मात्र जवळजवळ तत्काळ पोहोचतो. म्हणजे प्रेक्षक आणि सादरकर्ता एकाच वेळी, पण दोन वेगवेगळ्या क्षणांत वावरत असतात.

याचे गणित असे मांडता येईल. सादरकर्त्याने रात्री 8 वाजून 15 मिनिटांनी एक फांदी कापून दाखवली. आठ सेकंदांच्या विलंबाने प्रेक्षकाने ती पाहिली. संदेश टंकण्यास वीस-पंचवीस सेकंद लागले. सादरकर्त्याची नजर चॅटकडे जाईपर्यंत आणखी दहा-पंधरा सेकंद गेले. एकूण पाऊण मिनिट लोटले आणि तोवर सादरकर्त्याच्या हातात दुसरी कुंडी आली. आता 'हे असेच करायचे का?' हा प्रश्न समोर आला, तर त्यातील 'हे' कशाला उद्देशून आहे हे कळण्यास मार्ग उरत नाही. समोरासमोरच्या बोलण्यात दर्शक सर्वनामाला बोटाचा व नजरेचा आधार असतो. येथे तो आधार सुटलेला असतो.

म्हणून वाचला जाणारा संदेश आपला संदर्भ स्वतःबरोबर घेऊन येतो. 'हे', 'ते', 'तसे', 'मघाशी' यांच्या जागी त्यात वस्तूचे नाव असते. 'मोगऱ्याची फांदी डोळ्याच्या वर कापायची ना?' हा संदेश पाच मिनिटांनी वाचला तरी त्याचा अर्थ शाबूत राहतो. प्रेक्षकाने मध्येच प्रक्षेपण थांबवून पुन्हा सुरू केले असेल, तर तो मूळ क्षणाच्या कितीतरी मागे असू शकतो. अशा वेळी नामाचा हा आधार अधिकच आवश्यक ठरतो.

4. पडद्यावरील आयुष्य

दुसरी मर्यादा डोळ्याची आहे. एखाद्या प्रक्षेपणात मिनिटाला चाळीस संदेश येत आहेत आणि सादरकर्त्याच्या फोनवर एका वेळी आठ संदेश दिसतात, असे धरू. दर दीड सेकंदाला एक नवा संदेश येतो, म्हणजे प्रत्येक संदेश सुमारे बारा सेकंद पडद्यावर राहतो. सादरकर्ता दर तीस सेकंदांनी एकदा चॅटकडे पाहत असेल, तर शंभरांपैकी सुमारे चाळीस संदेशच त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतील. उरलेले साठ संदेश त्याने नाकारलेले नसतात; ते त्याला दिसलेलेच नसतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, संदेश पाठवण्याची वेळ त्याच्या मजकुराइतकीच महत्त्वाची आहे. काम चालू असताना पाठवलेला संदेश बहुधा वाहून जातो. सादरकर्ता एक टप्पा संपवून 'आता बघू या, कोण काय म्हणतंय' असे म्हणतो, तो खरा क्षण होय. पण हे निमंत्रण प्रेक्षकाला ऐकू येते तेव्हाच ते काही सेकंद जुने झालेले असते. त्यानंतर लिहावयास बसणाऱ्याचा संदेश वाचन आटोपल्यावर पोहोचतो. अनुभवी प्रेक्षक संदेश आधी लिहून ठेवतात आणि निमंत्रण कानी पडताच पाठवतात.

दुसरी गोष्ट, एकच संदेश पुनःपुन्हा पाठवण्याचा उपाय उलटतो. सादरकर्त्याने ठरावीक अंतराने एकच संदेश पाठवण्याचे बंधन घातले असेल, तर मधल्या काळात काही पाठवताच येत नाही. यूट्यूबच्या 'टॉप चॅट' या दृश्यात नको असलेले, भरताड वाटणारे संदेश वगळण्याचा यत्न यंत्रणाच करते. सादरकर्त्याला मदत करणारा मॉडरेटरही असा मजकूर काढून टाकू शकतो. पहिला संदेश वाचला गेला नाही असे वाटल्यास, पुढच्या विरामात तोच आशय निराळ्या शब्दांत एकदा पाठवणे पुरेसे असते.

प्रेक्षकसंख्या फार मोठी झाल्यास मात्र कोणतीही युक्ती चालत नाही. हॅमिल्टन, गॅरेटसन आणि कर्न यांनी 2014 साली ट्विच या प्रक्षेपणस्थळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान प्रक्षेपणांत जमणारी गप्पांची बैठक गर्दी वाढताच अक्षरांच्या धबधब्यात हरवते, असे त्यांना आढळले. तेथे एकट्याचे वाक्य ऐकू येत नाही. ऐकू येतो तो जमावाचा एकत्रित उद्गार. प्रस्तुत विवेचन म्हणूनच काही डझन ते काही शे प्रेक्षकांच्या प्रक्षेपणांपुरते मर्यादित आहे.

5. उच्चारसुलभता : मराठीचे विशेष प्रश्न

तिसरी मर्यादा जिभेची. वाचला जाणारा संदेश एक जण लिहितो, पण उच्चारतो दुसराच. या स्थितीत मराठीपुढे काही खास अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण लिंगाची आहे. मराठीत प्रथमपुरुषी क्रियापद पुष्कळदा बोलणाऱ्याचे लिंग प्रकट करते. 'मी खत घालायला विसरले' हे वाक्य पुरुष सादरकर्त्याने जसेच्या तसे वाचले तर ते कानाला खटकते. ते त्याला बदलून 'त्या म्हणतात, त्या खत घालायला विसरल्या' असे करावे लागते आणि हे रूपांतर तो वाचता वाचता करत असतो. येथे तो अडखळतो. याउलट 'मोगऱ्याला खत घालायचे राहून गेले' हे वाक्य कोणाच्याही मुखात सहज बसते. कर्त्याऐवजी वस्तू पुढे आणणारी अशी वाक्यरचना मोठ्याने वाचण्यास सोपी पडते.

दुसरी अडचण लिपीची. अनेक प्रेक्षक मराठी मजकूर रोमन लिपीत टंकतात. डोळ्याला तो चालतो, पण उच्चारताना फसवतो. `kal` म्हणजे काल, काळ की कळ? `pan` म्हणजे पण की पान? मनातल्या मनात वाचणारा वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबून अर्थ लावू शकतो. मोठ्याने वाचणाऱ्याला शब्द उच्चारण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो. अशा संदेशावरून नजर पुढे सरकणे स्वाभाविक आहे.

तिसरी अडचण नावाची. चॅटमध्ये संदेशापुढे प्रेक्षकाने घेतलेले खातेनाम दिसते. ते पुष्कळदा अक्षरे, अंक व अधोरेषा यांची जुळणी असते. त्यावरून ती व्यक्ती ताई आहे की दादा, हे समजत नाही. चुकीचे संबोधन होण्याच्या भीतीने सादरकर्ता नाव गाळतो किंवा संदेशच सोडून देतो. शेवटी नाव व गाव लिहिण्याची जुनी फर्माइशी रीत येथे उपयोगी पडते. 'सुमेधा, वाई' एवढ्या दोन शब्दांनी संबोधनाचा प्रश्न सुटतो आणि गावाच्या उल्लेखाने बोलण्यास निमित्तही मिळते. मात्र पहिले नाव व गाव यापुढे जाऊ नये. प्रक्षेपणाचे ध्वनिचित्रमुद्रण बहुधा पुढेही उपलब्ध राहते. त्यामुळे दूरध्वनी क्रमांक, पत्ता किंवा घरातील आजारपणाचा तपशील त्यात येणे धोक्याचे असते.

आणखी एक बाब सादरकर्त्याच्या बाजूची आहे. डोळ्याला निरुपद्रवी दिसणारी पण उच्चारताच अश्लील ठरणारी नावे व वाक्ये पाठवण्याचा खोडसाळपणा काही जण करतात. एकदा फसलेला सादरकर्ता पुढे प्रत्येक संदेश आधी मनात वाचून घेतो आणि ज्याचा अर्थ एका नजरेत लागत नाही तो टाळतो. साधे, पूर्ण, ओळखीच्या शब्दांचे वाक्य हीच त्याच्या दृष्टीने संदेशाच्या सद्हेतूची खूण असते.

6. एका संदेशाचे उदाहरण

फेब्रुवारीतील एक संध्याकाळ. गच्चीवरील बागेविषयी एका मराठी बागप्रेमी महिलेचे थेट प्रक्षेपण सुरू आहे. वाईच्या एका प्रेक्षक भगिनींना मोगऱ्याविषयी विचारावयाचे आहे. त्यांचे पहिले लेखन असे :

'नमस्कार ताई मी तुमचे सगळे व्हिडिओ नेहमी बघते मला खूप आवडतात मी पण मागच्या वर्षी कुंडीत मोगरा लावला होता पण अजून फुलेच आली नाहीत पाने मात्र खूप आहेत खत पण घातले होते आता हे असे कापले तर चालेल का आणि पाणी किती घालायचे माझा मेसेज नक्की वाचा'

यूट्यूबच्या चॅटमध्ये एका संदेशाला 200 चिन्हांची मर्यादा आहे. युनिकोड पद्धतीत काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे होत. 'नमस्कार' हा डोळ्याला चार अक्षरांचा शब्द प्रत्यक्षात सात चिन्हांचा भरतो. या हिशोबाने वरील मजकूर मोकळ्या जागांसह 237 चिन्हांचा होतो आणि एका संदेशात मावत नाही. त्याचे दोन तुकडे केल्यास मध्ये इतरांचे संदेश घुसतात. सादरकर्तीला बहुधा दुसराच तुकडा दिसतो आणि त्यात मोगऱ्याचा उल्लेखही नसतो.

मर्यादा नसती तरी अडचण उरलीच असती. मिनिटाला सुमारे 110 शब्द या संथ गतीने हे 47 शब्द वाचण्यास जवळपास 26 सेकंद लागतील. विरामचिन्हे नसल्याने श्वास कोठे घ्यावा हे कळत नाही. 'हे असे' याचा संदर्भ निघून गेलेला आहे. प्रश्न दोन आहेत, त्यामुळे कोणत्याचे उत्तर द्यावे हा पेच पडतो. शेवटचे 'नक्की वाचा' हे शब्द मोठ्याने वाचले तर दोघांनाही अवघडल्यासारखे होते. विनंतीचा येथे तगादा झालेला असतो.

आता दुसरे लेखन पाहावे :

'नमस्कार ताई! कुंडीतल्या मोगऱ्याला पानेच पाने, फुले नाहीत. आता छाटणी केली तर चालेल का? – सुमेधा, वाई'

हा संदेश 16 शब्दांचा व 99 चिन्हांचा आहे. वाचण्यास सुमारे नऊ सेकंद लागतात. संबोधन आरंभी आहे, मधल्या वाक्यात अडचण आहे, शेवटी एकच प्रश्न आहे. 'बघते', 'विसरले' यांसारखे बोलणाऱ्याचे लिंग दाखवणारे क्रियापद नसल्याने सादरकर्ती स्त्री असो वा पुरुष, वाक्य बदलावे लागत नाही. 'पानेच पाने' या द्विरुक्तीत बोलीचा डौल आहे. तो उच्चारणाऱ्याला आवडतो. स्तुती गाळली असली तरी स्नेह कमी झालेला नाही. 'ताई' या एका शब्दात तो पुरेसा व्यक्त झाला आहे.

उत्तराची सोयही या संदेशात आहे. 'वाईच्या सुमेधाताई विचारतात...' अशी सुरुवात करून सादरकर्ती सांगू शकते की थंडी ओसरताना मोगऱ्याची छाटणी जरूर करावी, कारण त्याला नव्या फुटव्यावर कळ्या येतात. नत्रयुक्त खत जास्त झाले किंवा ऊन कमी पडले की पाने माजतात व फुले येत नाहीत, हेही तिला ओघात सांगता येते. गाळलेल्या पाण्याच्या प्रश्नालाही बहुधा याच उत्तरात जागा मिळते. एका प्रेक्षकाचा प्रश्न अशा रीतीने सर्वांच्या उपयोगी पडतो, आणि सादरकर्ते असेच प्रश्न शोधत असतात.

7. सादरकर्त्याची जबाबदारी

सर्व भार प्रेक्षकावर टाकणे न्याय्य होणार नाही. अध्यापक स्वतः सादरकर्ता असेल तर काही सोयी त्याच्या हाती असतात. प्रश्नासोबत नाव व गाव लिहावे, ही सूचना आरंभीच चॅटच्या शीर्षस्थानी अडकवून ठेवता येते. प्रश्नांसाठीचा विराम आधी जाहीर करून, विलंबाचा विचार करता, निमंत्रणानंतर अर्धा मिनिट थांबणे आवश्यक आहे. लगेच 'कोणाचेच प्रश्न नाहीत' असे म्हणणे चुकीचे ठरते, कारण ते निमंत्रण तेव्हा अनेकांपर्यंत पोहोचलेलेही नसते. एखाद्या सहकाऱ्याने मॉडरेटर म्हणून प्रश्न कागदावर टिपून घेतले, तर पडद्यावरून सरकलेला संदेशही वाचला जाऊ शकतो. संकोची विद्यार्थी एकदाच लिहितो. त्याचा संदेश टिकण्यासाठी एवढी व्यवस्था पुरते.

8. निष्कर्ष

1. थेट प्रक्षेपणातील संदेश लिहिला जातो एका क्षणी आणि वाचला जातो दुसऱ्या क्षणी. त्यामुळे त्यात दर्शक सर्वनामाऐवजी नाम असणे आवश्यक ठरते.

2. संदेश न वाचला जाण्याचे प्रमुख कारण बहुधा तो न दिसणे हे असते. विरामाच्या वेळी, आधीच लिहून ठेवलेला संदेश पाठवल्यास तो दिसण्याची शक्यता वाढते.

3. मोठ्याने वाचला जाणारा संदेश दुसऱ्याच्या मुखासाठी लिहिलेला असतो. देवनागरी लिपी, लिंगनिरपेक्ष वाक्यरचना, एकच प्रश्न आणि शेवटी नाव-गाव या गोष्टींमुळे तो त्या मुखात सहज बसतो.

4. जिव्हाळा शब्दसंख्येवर अवलंबून नसतो. योग्य संबोधन आणि समोरच्याला उत्तर देता येईल असा प्रश्न यांतूनच तो पोहोचतो.

5. प्रेक्षकसंख्या हजारांच्या घरात गेली की ही सूत्रे निष्प्रभ होतात. तेथे संदेश न वाचला जाणे हाच नियम होय आणि त्यात लिहिणाऱ्याचा दोष नसतो.